पायऱ्यांचा ठराव आणि अथेन्सची टेकडी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आई-वडिलांच्याही आधी आमच्या नागरिकशास्त्राच्या बाईंचं नाव घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील सूतगिरणीत होते आणि मीही तिथेच लागणार, हे ठरल्यासारखं होतं. बाई एका रविवारी घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याला कॉलेजात घालणार नसाल तर मी रोज येऊन तुमच्याकडे चहा पिणार. बघा परवडतंय का." वडील हसले आणि हो म्हणाले. पदवी, बँकेची परीक्षा आणि पुढे बँकेने मला जपानला पाठवलं, हे सगळं त्या चहाच्या धमकीमुळे झालं.

नागरिकशास्त्र तेव्हा वीस गुणांचं होतं आणि कोणी मन लावून शिकवत नसे. बाईंनी मात्र एकदा अख्खा वर्ग शाळेमागच्या मैदानावर नेला. फक्कीने एक मोठं वर्तुळ आखलं आणि म्हणाल्या, "ही टेकडी. आपण अथेन्समध्ये आहोत. अडीच हजार वर्षं मागे. इथे आमदार नाही, खासदार नाही. युद्ध करायचं का, धान्य कुठून आणायचं, सगळं नागरिक स्वतः येऊन हात वर करून ठरवतात. चला, नागरिक आत या."

आम्ही सगळे धावलो.

"थांबा. मुली बाहेर."

मुलींनी आरडाओरडा केला. बाई म्हणाल्या, "ओरडून उपयोग नाही. तिथे बाईला मत नव्हतं. देवळात पुजारीण होता येत होतं, सभेत जाता येत नव्हतं." मग म्हणाल्या, "ज्यांच्या आई-वडिलांपैकी एकजण जरी बाहेरगावचा असेल, ते बाहेर. आधी नुसते वडील नागरिक असले तरी चालत होतं. मग सभेनेच कायदा केला की दोघेही हवेत." माझे वडील दुसऱ्या जिल्ह्यातून गिरणीसाठी आलेले. मी बाहेर आलो. आम्हा बाहेरगावच्यांचं तिथलं नाव बाईंनी सांगितलं, मेटिक. मेटिकने दरवर्षी डोईपट्टी भरायची, लढाईत जायचं, व्यापार करायचा, पण जमीन किंवा घर घ्यायचं नाही. खास परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी. नोंदणीसाठी एक नागरिक हमीदार म्हणून लागायचा. सभेत बोलणंही नाही आणि मतही नाही.

शेवटी त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. ज्यांना काळी खूण आली ते गुलाम झाले. चौपन्नांच्या वर्गातले नऊजण वर्तुळात उरले आणि त्यांनी एकमताने ठरवलं की मैदान आम्ही झाडायचं.

गंमत पुढेच होती. नऊतले दोघे पाणी प्यायला पळाले. बाईंनी गेरूत बुडवलेला दोर काढला. अथेन्समध्ये बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना अशाच लाल दोराने सभेकडे हाकत. ज्याच्या कपड्याला रंग लागे त्याला दंड होई. तो दोर धरायचं काम सरकारी गुलामांकडे असे. बाईंनी दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढ. ज्यांना मत नाही, त्यांनीच मतवाल्यांना मताला न्यायचं." एकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेरूचा पट्टा उमटला. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंना बरंच ऐकवलं.

या बाईंना मी वर्षाला दोन-तीन पत्रं लिहीत असे. त्यातलं एक पत्र लिहायला मला सर्वांत जड गेलं. ते का लिहावं लागलं, ते आधी सांगतो.

जपानमधल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतर वर्षभराने बँकेने मला टोकियोच्या शाखेत पाठवलं. राहायला टोकियोला लागूनच असलेल्या उरायासुमध्ये भाड्याचं घर मिळालं. तिथल्या बऱ्याच आपल्या कुटुंबांप्रमाणे आम्हीही खाडीत भर घालून केलेल्या जमिनीवर राहत होतो. भूकंपात त्या जमिनीतून चिखल आणि वाळू वर आली होती. इमारत खोल खांबांवर उभी असल्यामुळे जागच्या जागी राहिली आणि भोवतालची जमीन खाली बसली. त्यामुळे मुख्य दार हवेत लटकल्यासारखं दिसे. दार आणि रस्ता यांमध्ये तीन पायऱ्यांचा फरक पडला होता. तात्पुरता उपाय म्हणून लाकडी फळ्यांचा एक लांब उतार टाकलेला होता. त्याच्याखाली गाड्या लावायच्या दोन जागा गेल्या होत्या.

आमच्या शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहत. वय ऐंशीच्या जवळ, चाकाची खुर्ची. त्याही भाडेकरूच, पण अठरा वर्षांच्या. दुसरीत शिकणारी माझी मुलगी शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे जायची. मी मराठीत काही विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची, आणि ते जपानी आजींचं असायचं, म्हातारं आणि अदबीचं. आजी मला 'गिन्को-सान' म्हणत, म्हणजे बँकवाले साहेब. रोज सकाळी त्या लिफ्टने खाली येत, स्वतःच्या हातांनी खुर्ची ढकलत फळ्यांवरून उतरत, समुद्राच्या भिंतीपर्यंत जात, कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातून, दूध घेऊन परत येत. "या फळ्या माझ्यापेक्षा जास्त करकरतात, म्हणून मला आवडतात," असं म्हणायच्या.

दुसऱ्या वसंतात इमारतीच्या मालकांच्या संघाची वार्षिक सभा ठरली. विषयपत्रिकेवर तिसरा ठराव असा होता: फळ्या कुजत आहेत, तेव्हा त्या काढून काँक्रीटच्या तीन पायऱ्या कराव्यात आणि गाड्यांच्या दोन जागा मोकळ्या कराव्यात. ठराव पडला तर संघाचं कार्यकारी मंडळ पक्क्या उताराचा आराखडा मागवणार होतं.

आजींनी तो कागद माझ्यापुढे धरला. "गिन्को-सान, तीन पायऱ्या. मला तीन डोंगर. झाल्या तर मला इथून जावं लागेल."

"तुम्ही विरोधात मत द्या."

"कुठलं मत? मी भाडेकरू."

हे मला माहीत नव्हतं. मालकाला मत, एका घराला एक. भाडेकरूचा संबंध असेल तर त्याला येऊन बोलता येतं, हात वर करता येत नाही. आजी जपानच्या नागरिक. संसदेच्या, शहराच्या प्रत्येक निवडणुकीला त्या खुर्चीवरून जाऊन मत देऊन यायच्या. त्याच आठवड्यात पांढरे हातमोजे घातलेला एक उमेदवार कर्ण्याच्या गाडीतून आम्हा दोघांनाही वाकून नमस्कार करत गेला होता. मी परदेशी आहे, माझा त्याला काही उपयोग नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. आजी म्हणाल्या, "देशाचं राज्य कोणी करायचं ते मला विचारतात. माझ्या दाराबाहेर पाऊल कसं टाकायचं ते नाही विचारत."

आमच्या घराचे मालक कोबेला राहत. त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथे व्यापार करणारे एक सिंधी गृहस्थ होते, पासपोर्ट अजून भारताचा. मी त्यांना फोन करून आजींची अडचण सांगितली. आम्ही हिंदीत बोललो.

"शेठजी, सभेला याल का?"

"अरे बाबा, तीन पायऱ्यांसाठी कोबेहून येऊ? तिथे राहतोस तू. मी शिक्का मारून कागद पाठवतो. तुझं नाव घाल आणि जा. कुठे हात वर करायचा ते तूच ठरव. म्हातारीला सांग, शेठचं मत तिच्या खिशात."

मला तेव्हा अथेन्स आठवलं आणि गंमतही वाटली. तिथे कितीही श्रीमंत परदेशी असला तरी त्याला घर विकत घेता येत नव्हतं, आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नसलेला नागरिक मात्र टेकडीवर जाऊन हात वर करू शकत होता. इथे घर विकत घेतलेल्या परदेशी शेठला मत होतं आणि इथेच जन्मलेल्या आजींना नव्हतं. आणखी एक फरक होता, पण तो मला महत्त्वाचा वाटला नाही. अथेन्समध्ये कोणाचं मत कोणाच्या हातात देता येत नव्हतं. दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्याला मत द्यायचं तर पहाटेच चालत निघावं लागे. जो टेकडीवर नाही, तो त्या दिवशी मोजला जात नाही.

शेठजींचा कागद आला. खाली सहीच्या जागी त्यांचा लाल शिक्का होता. वर एक ओळ रिकामी होती: 'खालील व्यक्तीला माझा प्रतिनिधी नेमत आहे.' तिच्याखाली बारीक अक्षरांत आणखी काही होतं.

मी पेन उचललं आणि थांबलो. बँकेत पहिल्या आठवड्यात आम्हाला एक गोष्ट अगदी घोटून शिकवली होती. ग्राहकाने सही केलेल्या अर्जावर आपल्या हाताने एक अक्षर लिहायचं नाही. रिकामी जागा असेल तर ग्राहकाला परत बोलवा. माझ्या ओळखीच्या एका कारकुनाची याच कारणावरून बदली झाली होती. शेठजींनी फोनवर सांगितलं होतं हे खरं, पण शिक्का आधी आणि माझं नाव नंतर, तेही माझ्याच अक्षरात, हे मला खोटेपणासारखं वाटलं. कागद परत कोबेला पाठवायला वेळ नव्हता. पुन्हा फोन करून विचारावं, तर शेठजी म्हणतील एवढंही जमत नाही. मी मनाशी म्हटलं, कागद मीच घेऊन जाणार, मीच हात वर करणार, मग नाव नसलं तर काय बिघडलं? ती बारीक अक्षरं वाचायला मला शब्दकोश काढावा लागला असता. तो मी काढला नाही.

सभा तळमजल्यावरच्या खोलीत होती. दाराशी एक टेबल होतं. तिथल्या बाईंनी माझा कागद दोन्ही हातांनी घेतला, वाकल्या आणि एका गठ्ठ्यावर ठेवला. आजी भिंतीकडेला खुर्चीत होत्या, त्यांच्याशेजारी मी बसलो. सभापती म्हणजे निवृत्त झालेले एक सौम्य गृहस्थ. सभापती होण्याची त्यांना हौस नव्हती. मंडळावर दरवर्षी मजल्याच्या पाळीने माणसं येत. अथेन्समध्येही विषय ठरवणारी पाचशेजणांची परिषद होती, चिठ्ठ्या टाकून एका वर्षासाठी निवडलेली. तिच्याकडून विषय आल्याखेरीज सभा ठराव करत नसे. त्या खोलीत बसून मला वाटत होतं, आपण बाईंचा धडा जिवंत बघतो आहोत. मला ते आवडत होतं. हे लिहायला आज लाज वाटते.

सभापतींनी विचारलं, "कोणाला बोलायचं आहे?"

एक गाडीवाले म्हणाले, "माझी गाडी दोन वर्षं स्टेशनपलीकडे उभी आहे. पायऱ्या सगळ्यांनाच चढता येतात."

"सगळ्यांना?" मागून एक बाई म्हणाल्या. "आणखी दहा वर्षांनी तुमचे गुडघे बघायला मी येते."

खोली हसली. मग आजींना बोलायला दोन मिनिटं मिळाली. "मी भाडेकरू आहे, त्रास देते, माफ करा," अशी त्यांनी सुरुवात केली. "भूकंपाच्या दिवशी नळ बंद होते. याच दारातून पाण्याचे डबे आत येत होते. मी तेव्हा चालत होते, तिसऱ्या मजल्यापर्यंत दोन डबे पोचवलेत. मला पुन्हा चालायला लावू नका एवढंच. जमणार नाही." आणि त्या वाकल्या.

सभापतींनी ठराव मांडला. पायऱ्यांच्या बाजूने पाच हात वर आले. विरोधात किती, असं विचारताच खोलीभर हात उठले. मीही उठवला.

सभापती मोजता मोजता माझ्यापाशी थांबले. "तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू ना? क्षमा करा. हात खाली घ्याल का?"

"मालकांनी मला पाठवलंय. कागद दिलाय मी."

टेबलाशी बसलेल्या बाईंनी गठ्ठ्यातून माझा कागद शोधून काढला. सभापतींनी तो पाहिला, मग माझ्याकडे धरला आणि बोटाने रिकामी ओळ दाखवली. नंतर बारीक अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी मला कळेल अशा सावकाश जपानीत वाचलं. "प्रतिनिधीचं नाव लिहिलं नसेल, तर मत सभापतींवर सोपवलं असं समजलं जाईल."

"मी आत्ता लिहितो."

"मतदान सुरू झालंय." ते खरोखर अवघडले होते. "नियम आहे. खरंच क्षमा करा."

मी हात खाली घेतला. विरोधातले हात एकवीस भरले. सव्वीस मालक हजर होते, त्यातले एकवीस पायऱ्या नको म्हणत होते. मग सभापतींनी गठ्ठा मोजला. सतरा कागद होते आणि सगळ्यांवरची ती ओळ कोरी होती. मंडळाचा ठराव म्हणून सभापतींनी ते सतरा कागद पायऱ्यांच्या बाजूने धरले. पाच आणि सतरा, बावीस. ठराव एका मताने मंजूर झाला. माझा कागद त्या सतरांत होता.

अथेन्सच्या टेकडीवर सहा हजारांच्या आसपास माणसं बसत. हात एकेक करून कोणी मोजत नसे. त्यासाठी नेमलेले नऊजण नजरेनेच अंदाज घेत आणि शंका आली तर पुन्हा हात वर करायला सांगत. तिथे हा ठराव खोलीतल्या नुसत्या हातांवरच सहज पडला असता. पण तिथे आजींना दोन मिनिटंही बोलता आलं नसतं, आणि मला दारातून आतही येता आलं नसतं. कुठली रीत बरी, हे मी आजही सांगू शकत नाही. त्या दुपारी मला एवढंच कळत होतं की सगळं नियमाने झालं आणि चूक माझ्या एकट्याची होती.

दोन दिवसांनी मी सभापतींकडे गेलो. ठराव पुन्हा मांडता येईल का, असं विचारलं. ते म्हणाले, मालकांपैकी पाचव्या हिश्श्याने लेखी मागणी केली तर खास सभा बोलावता येते. मी घरोघर गेलो. हात वर करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मला आदराने चहा विचारला आणि म्हणाले, झालेला निर्णय पुन्हा उकरणं बरं नाही, शेजाऱ्यांशी रोज राहायचं असतं. तेवढ्या सह्या झाल्या नाहीत, चारच मिळाल्या. गुडघ्यांवरून बोललेल्या बाई त्यांतल्या एक.

मग मी आजींना सांगितलं की ती ओळ मी जाणूनबुजून कोरी ठेवली होती. मी लिहायला विसरलो, असं त्यांना वाटलं होतं.

"का नाही लिहिलंत?"

"शिक्क्यानंतर लिहिणं चुकीचं वाटलं."

"शेठ तर म्हणाले होते लिहा."

"हो."

त्यांनी मला रागावावं असं मला वाटत होतं. त्या माझ्या मुलीला म्हणाल्या, "बाळ, तुझ्या बाबांसाठी चहा टाक. पाणी मी ओतते, भाजशील."

पायऱ्या जूनमध्ये झाल्या. काही दिवस मी आणि एक शेजारी सकाळी ऑफिसला जाण्याआधी आजींची खुर्ची उचलून खाली ठेवत असू. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "पुरे. मी काही उत्सवातली पालखी नाही." त्यानंतर त्या खाली उतरल्या नाहीत. दूध मी आणून देत असे. ऑगस्टच्या शेवटी सेंदाईहून त्यांची भाची आली आणि त्यांना तिकडच्या एका वृद्धाश्रमात घेऊन गेली. त्या आठवड्यात मी बाईंना हे पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करतो.

मी दर वेळी चांगली बातमी लिहितो, म्हणून तुम्हाला वाटत असेल की माझं इथे सगळं छान चाललंय. या वेळी माझ्या हातून एक वाईट गोष्ट झाली आहे आणि ती तुम्हालाच सांगावीशी वाटते.

आमच्या शेजारच्या आजी चार दिवसांपूर्वी घर सोडून गेल्या. त्यांना जावं लागलं, कारण इमारतीच्या दारात पायऱ्या करायचा ठराव एका मताने मंजूर झाला. ते मत माझ्या हातात होतं. मालकाने मला ते विश्वासाने दिलं होतं. एका ओळीवर माझं नाव लिहायचं होतं, ते मी लिहिलं नाही. मला ते अप्रामाणिक वाटलं. खालचा नियम मी वाचला नाही. त्यामुळे माझं मत आपोआप उलट्या बाजूला गेलं.

तुम्ही आम्हाला मैदानावर उभं करून दाखवलं होतं की लोकशाहीत कोण बाहेर राहतं. मी तेव्हा बाहेर होतो आणि मला त्याचा रागही आला होता. इतकी वर्षं मी असं समजत होतो की बाहेर ठेवणारे कोणीतरी वेगळे असतात, आणि आपल्याला आत घेतलं की आपण कधी असं करणार नाही. इथे मला एका दुपारपुरतं आत घेतलं होतं, बाई.

आपल्या देशातली निवडणूक पुढच्या वर्षी आहे. परदेशात राहणाऱ्याला मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः गावी येऊन उभं राहावं लागतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. आमच्या ऑफिसातले लोक म्हणतात, एका मतासाठी कोण जातं. मी रजा मागितली आहे. मिळाली तर येईन. यामुळे आजींना काही मिळणार नाही, हे मला कळतं.

मुलगी विचारते की आजींना कोणी घालवलं. मी तिला खरं ते सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. तिला आणखी काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुम्ही इतकी मुलं शिकवलीत, म्हणून विचारतो. आजींचा नवा पत्ता भाचीने दिला आहे. त्यांना पत्र लिहायला मी दोनदा बसलो आणि उठलो. आधी तुम्हाला लिहिलं. उद्या पुन्हा बसतो.

तुमचा विद्यार्थी